स्वाइप मशीन बँकेशी बोलतं कसं? चारनंतरचं पहिलं कार्ड हमखास फसतंय

वाड्यातलं_हार्डवेअर (सोमवार, रात्री ९:१०)

दुकान पेठेत आहे, दगडी वाड्याच्या तळमजल्यावर. स्वाइप मशीन दुकानाच्या वाय-फायवर चालतं, शिवाय आत बँकेने दिलेलं सिमही आहे. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं. चारला उघडल्यावर पहिलं कार्ड घातलं की ग्राहक पिन टाकतो, मशीन पाऊण मिनिट वाट बघतं आणि `NO RESPONSE` दाखवतं. तेच कार्ड लगेच पुन्हा घातलं की पाच सेकंदांत स्लिप येते. सकाळी दहाला उघडतो तेव्हा मात्र असं कधीच होत नाही.

एरवी पहिल्या फसलेल्या व्यवहारात ग्राहकाचे पैसे कट होत नाहीत. गेल्या गुरुवारी मात्र ३,८४० रुपये कट झाले. ग्राहकाच्या मोबाइलवर एसएमएस आला आणि माझ्या मशीनवर तेच `NO RESPONSE`. बँकेच्या हेल्पलाइनला विचारलं तर "नेटवर्क इश्यू" म्हणतात आणि तक्रार क्रमांक देतात. मला कारण समजून घ्यायचं आहे. मशीनपासून बँकेपर्यंत संदेश नेमका जातो कसा, आणि एकाच चुकीत कधी पैसे कटतात, कधी कटत नाहीत, असं का?

---

मंडई_सकाळ (सोमवार, रात्री ९:२२)

आमच्याकडेही हाच त्रास. पैसे जमा होतात पण डबा बोलत नाही. मग गिऱ्हाईक मोबाइल दाखवत उभं राहतं आणि मागे रांग लागते. सिम बदलून मिळतं का?

---

कर्वेरोड_केतकी (सोमवार, रात्री ९:३०)

@मंडई_सकाळ दादा, तुमचा तो क्यूआरचा स्पीकर. त्याचं काम वेगळं आहे. पैसे ग्राहकाच्या बँकेतून तुमच्या बँकेत परस्पर गेलेले असतात, डब्याला नंतर फक्त निरोप येतो. म्हणून डबा गप्प बसला तरी पैसे आलेले असू शकतात, अ‍ॅपमध्ये बघा. कार्डाच्या मशीनमध्ये व्यवहाराची विनंतीच मशीनमधून निघते. ती अडली तर व्यवहारच होत नाही.

---

सिंहगड_सायबर (सोमवार, रात्री ९:४७)

वाय-फाय काढून टाका, हाच उपाय. वाय-फायवर कार्डाचा नंबर आणि पिन तुमच्या राउटरमधून जातो. पासवर्ड माहीत असलेला कुणीही शेजारी बसून तो वाचू शकतो. सिमचं नेटवर्क एन्क्रिप्टेड असतं, बँकेचं खास सिम असतं, म्हणून ते सुरक्षित. आणि दुपारी राउटर गरम होतो, त्यामुळे पहिला व्यवहार फसतो.

---

तारखात्यातला (सोमवार, रात्री १०:३५)

@सिंहगड_सायबर, खास सिमचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण त्याचा अर्थ वेगळा लागतो. बँकेच्या सिमला साधारणपणे खाजगी एपीएन असतो. ते सिम मोबाइलमध्ये घातलं तर इंटरनेट चालणार नाही, कारण त्याला फक्त बँकेकडे जाणारा रस्ता दिलेला असतो. रस्ता वेगळा आहे एवढंच. हवेतलं एन्क्रिप्शन मोबाइल कंपनीच्या नेटवर्कपाशी संपतं. त्यापुढे संदेश उघडा असता तर कंपनीच्या यंत्रणेतल्या माणसाला तो दिसला असता. तो दिसत नाही, कारण कुलूप मशीनमध्येच लागतं. आणि ते सिम, वाय-फाय, केबल तिन्हींवर सारखंच असतं.

ग्राहक पिनचा चौथा आकडा दाबतो, तिथून बघा. कीपॅडच्या खाली एक सीलबंद सुरक्षित चिप असते. पिन तिथेच एन्क्रिप्ट होतो. स्क्रीनवर चार तारे दिसतात, त्या वेळी मशीनच्या सॉफ्टवेअरलासुद्धा खरे आकडे माहीत नसतात. त्याच्या हातात फक्त ८ बाइटचा कुलूपबंद तुकडा येतो. बऱ्याच मशीनमध्ये प्रत्येक व्यवहाराला नवी चावी तयार होते आणि वापरलेली चावी पुसली जाते. बँकेच्या टोकाला दुसरं सीलबंद यंत्र तीच चावी काढून घेतं.

दुसरं कुलूप कार्डाची चिप लावते. रक्कम, चलन, तारीख आणि कार्डाचा स्वतःचा व्यवहार-क्रमांक यांवरून ती एक सही तयार करते. ती खरी आहे की नाही हे कार्ड देणारी बँकच तपासू शकते. वाटेत कुणी ३,८४० चे ३८,४०० केले तर सही जुळत नाही.

हे सगळं एका छोट्या संदेशात बसतं. मग मशीन आणि बँकेचा सर्व्हर यांच्यात टीएलएसचा बोगदा, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली जोडणी, तयार होतो आणि आख्खा संदेश त्यातून जातो. तुमच्या राउटरला दिसतं ते इतकंच, की हे मशीन अमुक पत्त्याशी, अमुक वाजता, काहीशे बाइट बोललं. शेजाऱ्याला वाय-फायचा पासवर्ड कळला तरी पिन कळत नाही. पासवर्ड तरीही बदलाच, ते कारण वेगळं.

राउटर गरम होण्याचा मुद्दा मला पटत नाही. लगेच दुसऱ्या वेळी पाच सेकंदांत व्यवहार होतो, म्हणजे राउटर त्याही क्षणी ठणठणीत आहे.

@वाड्यातलं_हार्डवेअर, चार गोष्टी सांगा. रात्री मशीन बंद करता का? दुपारी करता का? दुपारी राउटर चालू असतो का? आणि त्या गुरुवारी लाइट होती का?

---

वाड्यातलं_हार्डवेअर (सोमवार, रात्री १०:५८)

रात्री मेन स्विच बंद करतो आणि मशीनही बटण दाबून बंद करून कपाटात ठेवतो. दुपारी काहीच बंद करत नाही, मशीन चार्जिंगला असतं, राउटर चालू. गुरुवारी पेठेत लाइट नव्हती, दुपारपासून संध्याकाळपर्यंत.

---

तारखात्यातला (मंगळवार, सकाळी ७:१५)

मग तुमच्याकडे दोन वेगळे बिघाड आहेत आणि दोन्हींच्या शेवटी स्क्रीनवर एकच वाक्य येतं. आधी रोजचा बघू.

काही मशीन प्रत्येक व्यवहाराला नवा बोगदा उघडतात. काही मात्र एकदा उघडलेला तसाच ठेवतात, कारण नव्याने उघडायला जास्तीच्या फेऱ्या लागतात. तुमचं दुसऱ्या प्रकारचं दिसतंय. आता राउटरकडे एक वही असते म्हणा. आतलं कोणतं यंत्र बाहेरच्या कुणाशी बोलतंय, याची एकेक ओळ तिच्यात असते. बराच वेळ कुणी बोललं नाही की राउटर ती ओळ खोडतो. लिखित शिफारस अशी आहे की चालू जोडणीची ओळ किमान २ तास ४ मिनिटं ठेवावी. स्वस्तातले राउटर त्याच्या कितीतरी आधी खोडतात. तुमची मधली सुट्टी तर पूर्ण ३ तासांची.

ओळ खोडताना राउटर कुणाला कळवत नाही. चार वाजता मशीनच्या मते बोगदा अजून उघडा असतो, म्हणून ते संदेश त्यातच टाकतं. राउटर आता वहीत नवी ओळ लिहितो आणि संदेश नव्या दाराने बाहेर काढतो. पलीकडच्या बँकेच्या फायरवॉलला हे दार अनोळखी. ती उत्तर न देता संदेश टाकून देते. मशीन पुन्हापुन्हा पाठवत राहतं आणि मुदत संपली की `NO RESPONSE`. ही मुदत बहुधा ३० ते ६० सेकंदांची असते, तुमचं पाऊण मिनिट त्यात बसतं. मग मशीन तो बोगदा सोडून नवा उघडतं, म्हणून दुसरं कार्ड लगेच चालतं.

सकाळी त्रास का नाही, याचं उत्तरही इथेच आहे. रात्री मशीन बंद होतं, सकाळी सुरू झाल्यावर बोगदा नवाच असतो.

या प्रकारात विनंती बँकेत पोचतच नाही, म्हणून ग्राहकाचे पैसे कटत नाहीत. गुरुवारचं संध्याकाळी लिहितो.

---

शनिवार_संध्याकाळ (मंगळवार, सकाळी ९:०२)

घड्याळाचं कुणीच बोललं नाही. मशीनची तारीख चुकली तर बँकेच्या सर्व्हरची ओळख पटवणारं सर्टिफिकेट "अजून लागू नाही" किंवा "मुदत संपली" असं दिसतं आणि बोगदा उघडतच नाही. आतला बटणसेल संपला की तारीख चुकते. सेल बदलून बघा.

---

कर्वेरोड_केतकी (मंगळवार, सकाळी ९:४०)

तारखेचा मुद्दा खरा आहे, पण तसं असतं तर दुसरा प्रयत्नही फसला असता. आणि कृपा करून मशीन कुणीही उघडू नका. तो सेल फक्त घड्याळासाठी नसतो. चाव्या ज्या मेमरीत असतात तिच्यावरचा पहाराही त्याच सेलवर चालतो. झाकण उघडलं किंवा सेल मेला की चाव्या पुसल्या जातात आणि स्क्रीनवर `TAMPERED` किंवा तशाच अर्थाचं काहीतरी येतं. मग दुकानात बसून ते दुरुस्त होत नाही. मशीन परत पाठवून सुरक्षित जागी नव्याने चाव्या भराव्या लागतात.

---

केबलवाला_भाऊ (मंगळवार, दुपारी १२:१५)

मी म्हणतो केबल लावा आणि मोकळे व्हा. दगडी भिंतीत वाय-फाय आणि सिम दोन्ही मार खातात. फक्त बेसच्या मागे बघून लावा. जुन्या बेसला दोन खाचा असतात, एक मोठी नेटवर्कची आणि शेजारी लहान टेलिफोनची, पूर्वी मशीन फोन लाइनवरून डायल करायचं त्या काळातली. टेलिफोनची लहान पिन मोठ्या खाचेत शिरते, बसल्यासारखी वाटते, आणि कडेचे संपर्क वाकवून ठेवते. मग चांगली केबल लावली तरी दिवा लागत नाही आणि लोक राउटर बदलत बसतात.

---

तारखात्यातला (मंगळवार, दुपारी १२:५०)

@केबलवाला_भाऊ, खाचेचं अगदी खरं. पण या बिघाडाला केबलने फरक पडणार नाही. वही राउटरची आहे आणि केबलही त्याच राउटरला लागणार. वाय-फायचे कांडे पूर्ण दिसतात तेव्हाही हा त्रास होतो, कारण कांडे फक्त मशीन ते राउटर एवढ्याच अंतराचे असतात.

---

केबलवाला_भाऊ (मंगळवार, दुपारी १:०५)

हे मान्य. तरी दगडी वाड्यात मी केबलच लावणार.

---

तारखात्यातला (मंगळवार, संध्याकाळी ६:४०)

आता गुरुवार. लाइट नव्हती, म्हणजे राउटर बंद. मशीन बॅटरीवर होतं आणि आपोआप सिमवर गेलं. तळमजल्यावर दगडी भिंतीआड रेंज किती असेल ते तुम्हालाच माहीत. संदेश छोटा असतो, त्यामुळे अडखळत का होईना, तो गेला. तुमच्या बँकेकडून कार्ड नेटवर्ककडे, तिथून ग्राहकाच्या बँकेकडे. त्या बँकेने पिन आणि चिपची सही तपासली, खात्यातून ३,८४० वजा केले, एसएमएस सोडला आणि मंजुरी परत पाठवली. ती मंजुरी परत येताना शेवटच्या टप्प्यात, टॉवर ते दुकान, हरवली.

मशीनच्या जागी बसून बघा. विनंती जाताना हरवली की उत्तर येताना हरवलं, हे त्याला कळायला मार्गच नाही. दोन्हीकडे शांतताच. म्हणून ते दोन्ही वेळा एकच काम करतं. "माझा अमुक क्रमांकाचा व्यवहार झाला असेल तर उलटा करा" असा संदेश लिहून मेमरीत ठेवतं. संदेशांचे क्रमांक साधारण असे असतात:

```
0200  विनंती
0210  उत्तर
0400  उलटा करा (रिव्हर्सल)
0410  उलटा केला
```

हा `0400` जाऊन त्याचं उत्तर येईपर्यंत मशीन बहुधा नवी विक्री पुढे सरकू देत नाही. पुढचं कार्ड घातलं की आधी तो जातो, मग नवी विनंती. म्हणून मला विचारायचं आहे, गुरुवारी `NO RESPONSE` नंतर तुम्ही काय केलंत, आणि पुढचं कार्ड कधी चाललं?

---

वाड्यातलं_हार्डवेअर (मंगळवार, रात्री ९:२५)

बॅटरी काढून पुन्हा घातली. ग्राहकाने रोख दिले. लाइट येईना म्हणून लवकर बंद केलं. पुढचं कार्ड शुक्रवारी सकाळी साडेदहाला. ते सुरू करताना स्क्रीनवर क्षणभर `REVERSAL` असं काहीतरी येऊन गेलं, आत्ता आठवलं. आज ग्राहकाला फोन केला. त्यांचे पैसे शुक्रवारी सकाळी अकराच्या आत परत आलेत. मला वाटत होतं बँकेने तक्रार वाचून दिले.

---

तारखात्यातला (मंगळवार, रात्री ९:५०)

जुळलं. तो संदेश रात्रभर तुमच्या कपाटात होता. बॅटरी काढल्याने तो पुसला जात नाही, कारण तो कायमस्वरूपी मेमरीत लिहिलेला असतो. त्याच संध्याकाळी मशीन घेऊन वाड्याच्या दारापर्यंत गेला असता, रेंज आल्यावर सेटलमेंट किंवा नेटवर्क टेस्ट केली असती, तर बहुधा तेव्हाच सुटला असता. काही मशीन स्वतःहून थोड्या थोड्या वेळाने प्रयत्न करतात, तुमचं तसं करत नसावं.

एक मात्र करू नका. मेनूमध्ये पासवर्डच्या मागे `CLEAR REVERSAL` असतं. मशीन अडकून बसलं की फोनवरचा माणूस कधीकधी तेच दाबायला सांगतो. दाबलं की मशीन मोकळं होतं, पण ग्राहकाचे पैसे सोडवणारा संदेश कायमचा जातो. मग दोन्ही बँकांचा हिशेब जुळेपर्यंत ग्राहक थांबतो.

---

मधली_सुट्टी (मंगळवार, रात्री १०:२०)

त्याला मुदत आहे ना? रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. कार्ड मशीनवर पैसे कटले आणि स्लिप आली नाही तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत आपोआप परत. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई. ग्राहकाने मागायचीही गरज नाही.

पण माझं मत असं, की एसएमएस आलाय म्हणजे ग्राहकाने पैसे दिलेत. दुकानदाराने माल द्यावा आणि पुढचं बँकांनी बघावं. ग्राहकाने दोनदा का भरायचं?

---

कर्वेरोड_केतकी (मंगळवार, रात्री १०:४१)

ग्राहकाची अडचण कळते, पण एसएमएसवर माल दिला तर दुकानदार बुडतो. एसएमएस ग्राहकाच्या बँकेचा आहे, दुकानदाराच्या बँकेचा नाही. वर बघा, पुढचं कार्ड घातल्याबरोबर मशीनने स्वतःच तो व्यवहार उलटवला. एसएमएस बघून माल दिला असता तर शुक्रवारी सकाळी माल गेला आणि पैसेही गेले.

स्लिप आली नसेल तर बँकेच्या दुकानदारांसाठीच्या पोर्टलवर मशीनचा क्रमांक म्हणजे टीआयडी, वेळ आणि रक्कम टाकून बघायचं. नोंदच नसेल तर विनंती पोचली नाही. नोंद "मंजूर" असेल तरी थांबायचं, कारण उलटा संदेश अजून मशीनमध्ये असू शकतो.

---

मधली_सुट्टी (मंगळवार, रात्री १०:५५)

म्हणजे पोर्टलवर "मंजूर" दिसत असूनही ग्राहकाला परत भरायला सांगायचं? हे मला अजूनही अन्यायाचं वाटतं. औषधाच्या दुकानात खात्यात तेवढेच पैसे असलेला माणूस काय करेल?

---

कर्वेरोड_केतकी (मंगळवार, रात्री ११:०४)

त्या माणसासाठी माझ्याकडेही उत्तर नाही. ओळखीचा असेल तर माल देऊन नंबर लिहून घ्यायचा, एवढंच.

---

लेखापाल_औंध (बुधवार, सकाळी ८:३०)

रात्री अकराला आपोआप सेटलमेंट होतं. उलटा संदेश सकाळी गेला तर मधल्या वेळेत ३,८४० दुकानाच्या खात्यात जमा होणार नाहीत का?

---

तारखात्यातला (बुधवार, सकाळी ९:१०)

बॅच, म्हणजे सेटलमेंटला जाणारी दिवसभराच्या व्यवहारांची यादी, कुणाकडे आहे त्यावर ठरतं. बॅच मशीनमध्ये असेल तर हा व्यवहार त्यात नाहीच, कारण मशीनच्या मते तो झालेला नाही. बॅच बँकेच्या सर्व्हरवर असेल तर सर्व्हरला तो मंजूर दिसतो आणि रक्कम जमा होऊ शकते, मग नंतर वळती होते. शुक्रवारच्या स्टेटमेंटमध्ये ३,८४० ची जमा आहे का आणि नंतर तेवढीच वजा आहे का, हे बघून घ्या. जमा असेल आणि वजा नसेल तर बँकेला आरआरएनसह लेखी कळवा. तो बारा आकडी क्रमांक पोर्टलवर मिळेल.

रोजच्या बिघाडासाठी दोन उपाय. पहिला, बँकेच्या तांत्रिक विभागाला नेमकं सांगा, की वाय-फायवर जोडणी तीन तास पडून राहिली की पहिला व्यवहार फसतो, प्रत्येक व्यवहाराला नवी जोडणी उघडायची किंवा जोडणी जागी ठेवणारा कीप-अलाइव्ह संदेश दर काही मिनिटांनी पाठवायची सेटिंग टर्मिनलवर लावून द्या. ती दूरून लावता येते. दुसरा, तोवर चारला दार उघडल्यावर ग्राहक यायच्या आत नेटवर्क टेस्ट किंवा लॉगऑन एकदा मारा. तीही पहिल्यांदा फसेल, पण कुणाच्या खात्याशी तिचा संबंध नाही आणि बोगदा नवा होईल.

---

सिंहगड_सायबर (बुधवार, सकाळी ९:४५)

पिनचं माझं चुकलं होतं, कळलं. पण मग लाइट गेल्यावर सिमला दुसरा पर्याय काय? राउटरला छोटा यूपीएस लावला तर?

---

केबलवाला_भाऊ (बुधवार, सकाळी १०:०५)

लावा. १२ व्होल्टचे राउटरसाठीचे छोटे यूपीएस मिळतात. फायबर असेल तर भिंतीवरच्या फायबरच्या डब्यालाही तोच पुरवठा द्या. राउटर चालू आणि डबा बंद, तर वाय-फायचे कांडे पूर्ण दिसतील आणि बाहेर काहीच जाणार नाही. मशीन मग सिमवरही जाणार नाही, कारण त्याला वाय-फाय मिळालेलं आहे. तो प्रकार गुरुवारपेक्षा वाईट.

---

वाड्यातलं_हार्डवेअर (पुढचा मंगळवार, रात्री ९:३०)

सहा दिवस चारला दार उघडल्यावर आधी लॉगऑन करतोय. सहाच्या सहा दिवस पहिलं लॉगऑन फसलं, दुसरं झालं, आणि त्यानंतर एकाही ग्राहकाचं कार्ड अडलं नाही. बँकेने सेटिंगची विनंती घेतली आहे, अजून लावलेली नाही.

स्टेटमेंट बघितलं. शुक्रवारी ३,८४० जमा आहेत. वजा अजून दिसत नाहीत. आरआरएन काढून बँकेला मेल केला आहे. उत्तर आलं की इथे लिहितो.